अनुभव धागा: कामगारांची उचल आणि दिवाळीचा बोनस, दोन-चार माणसांच्या धंद्यात कसं जमवता?

वेल्डिंगवाला, दारव्हा
घट बसायच्या आधी दुकान झाडलं, तर माळ्यावर जुनी हजेरीवही सापडली. 'उचल ५००', 'उचल ३००', तारीख नाही, सही नाही. शेवटच्या पानावर दिवाळीच्या बोनसमधून सगळी उचल वजा आणि माणसाच्या हाती १५० रुपये. ते पान पाहून पोटात तुटलं, म्हणून हा धागा.

आता जी पद्धत पाळतो ती लिहितो. तुम्हीही तुमची लिहा.

कोणी पैसे मागितले की आधी हजेरी मोजायची, कारण झालेल्या कामाचे पैसे मधातच मागणं ही उचल नाहीच. समजा हेल्परचा पगार १३,००० आहे. २६ दिवसांनी भागला की रोज ५०० पडतो. १८ तारखेला तो मुलीच्या फीसाठी १२,००० मागतो. हजेरी १४ दिवसांची, म्हणजे ७,००० कमावलेले. त्यातले २,००० आधीच नेलेले. उरलेले ५,००० त्याचे स्वतःचे आहेत, ते देताना तोंड वाकडं करायचं कारण नाही. खरी उचल फक्त ७,०००. वहीतही दोन वेगळ्या ओळी: 'पगारापोटी ५,०००' आणि 'उचल ७,०००'. दोन्हींपुढे तारीख आणि त्याची सही.

हप्ता महिना १,०००, पण त्या महिन्यात कापायचा नाही. महिनाअखेरीस त्याचे १३,००० मधून आधीचे २,००० आणि पगारापोटीचे ५,००० गेलेले असतात, हाती ६,००० येतात. त्यातून पुन्हा हजार कापला की ५,००० मध्ये घर चालत नाही आणि १० तारखेला तो परत दारात उभा राहतो. आपल्याला वाटतं माणूस उधळ्या आहे. खरं म्हणजे आपणच घाईने कापलेलं असतं.

आणि बोनसला उचलीसाठी हात लावायचा नाही. ते खातंच वेगळं.

कृषी केंद्र, मोर्शी
दादा, ५,००० आणि ७,००० ची फोड एकदम बरोबर. आमच्या धंद्यात अडचण वेळेची. जून-जुलैत बियाणं-खत उधारीवर जातं आणि वसुली सोयाबीन-कापूस विकल्यावर. पोळ्याला गल्ला कोरडा असतो आणि नेमकी तेव्हाच तिघेही मागतात. शाळा उघडतानाही तेच.

त्यासाठी उचलीचा पैसा वेगळा काढून ठेवतो. गेल्या हंगामाच्या वसुलीतले २०,००० वेगळ्या खात्यात. उचल फक्त त्यातूनच, आणि हप्ते परत त्यातच. खात्यात किती शिल्लक आहे हे तिघांनाही माहीत असतं. दवाखाना पहिला, शाळा दुसरी, बाकी नंतर, हे आधीच ठरलेलं. मग 'त्याला दिले, मला नाही' हे भांडण होत नाही. एकाची कमाल मर्यादा एक महिन्याचा पगार. जुनी उचल अर्धी फिटल्याशिवाय नवी नाही, दवाखाना सोडून.

शेतकरी, चिखली
आमच्याकडे तं सालदार हाये. पाडव्याले साल ठरते, तवाच अर्धे पैसे उचलून नेते. पोळ्याले बोजारा न् कपडे वेगळे. तुमच्या हजेरीचा हिशेब आमच्या कामाचा नाही भाऊ. पण तारीख टाकाची गोष्ट पटली. सालाच्या शेवटी 'पाच नेले का सात नेले' यावरच बोलाचाली होते.

हॉटेलवाला, पुसद
बोनसचा कायदा २० किंवा जास्त माणसं असली की लागतो. आपल्याकडे चार माणसं. म्हणजे देणं बंधनकारक नाही, खुशीचा मामला. रोजंदारीवाल्याला तर बोनस नसतोच. आणि उचल देताना आधार कार्ड ठेवून घ्या, नाहीतर माणूस दिवाळीनंतर नागपूर-पुण्याला निघून जातो, मग शोधत बसा.

हिशोबनीस, आर्वी
हॉटेलवाले भाऊ, २० माणसांचं बरोबर सांगितलं. चारजणांच्या हॉटेलला तो लागत नाही. पुढचं मात्र दुरुस्त करतो. जिथे कायदा लागतो तिथे रोजंदारीवालाही धरतात, वर्षात ३० दिवस काम केलेलं असलं की झालं.

आधार कार्डाचं तर अजिबात करू नका. उचल फिटेपर्यंत माणसाला कागद अडवून किंवा धाक घालून कामावर धरून ठेवणं म्हणजे वेठबिगारी होते. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे आणि तसं कर्ज रद्द धरलं जातं. पैसे बुडतात आणि वर गुन्हा अंगावर येतो. माणूस निघून जाईल ही भीती खरी आहे, पण त्याला उपाय मोर्शीकरांनी सांगितलेली मर्यादाच. जेवढं बुडालं तरी दुकान चालेल तेवढीच उचल द्या. माणूस नीट सांगून काम सोडत असेल तर शेवटच्या पगारातून काही कापा, पण सगळं नाही. पगाराच्या कायद्यात सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाता येत नाही. बाकीची उचल लिहून घ्या.

आता बोनस. कायद्याची सक्ती नसली तरी त्याचं माप चांगलं आहे. किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग. दारव्ह्याच्या हेल्परचंच उदाहरण घेऊ. वर्षाचे कामाचे दिवस ३१२. २६ खाडे गेले, हजेरी २८६. गुणिले ५०० म्हणजे १,४३,०००. भागिले १२ म्हणजे ११,९१६, सरळ १२,००० द्या. जूनमध्ये लागलेला पोरगा असेल, १०० दिवस भरले, ५०,००० कमावले, तर ४,१६६. त्याला 'नवा आहे' म्हणून मिठाईच्या डब्यावर वाटेला लावायचं नाही आणि जुन्याच्या बरोबरीनेही द्यायचं नाही. हजेरी दाखवून भागाकार केला की दोघांनाही पटतं.

जिनिंगवर कामाला, पांढरकवडा
आमच्या मालकाने मागच्या वर्षी बोनस दिलाच नाही. ३५-४० माणसं आहेत. कुठे सांगायचं?

हिशोबनीस, आर्वी
भाऊ, धागा मालकांचा आहे पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा. तुमच्याकडे कायदा लागतो. हिशेबी वर्ष मार्चला संपत असेल तर आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत बोनस द्यावा लागतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. हंगामी असाल तरी ३० दिवस भरले का ते पाहा. हजेरी कार्ड किंवा पगार खात्यात आल्याची नोंद सोबत लावा.

पापडवाली ताई, देवळी
आमच्याकडे सहा बाया आहेत. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे नवरा किंवा दीर येतो, 'तिनं पाठवलं, हजार द्या'. कधीच द्यायचे नाहीत. पैसे तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात, आणि सही तिची. एकदा दुसऱ्याच्या हाती दिले की त्या बाईला हाती न आलेल्या पैशाचा हप्ता भरावा लागतो आणि ती बिचारी बोलतही नाही.

दुसरं, कामाचे पैसे किलोवर असतील तर हप्ताही किलोवर ठेवा. श्रावणभादव्यात ऊन नसलं की पापड वाळत नाहीत, काम अर्ध्यावर येतं. तेव्हा ठरलेले ५०० कापले तर आठवडी बाजाराचा भाजीपालाही निघत नाही. आम्ही किलोमागे २ रुपये धरतो. काम जास्त तर जास्त फिटते, नाही झालं तर तगादा नाही.

मोबाइल दुरुस्ती, कारंजा
ताई मूग पापड कुरिअरने पाठवता का? आईला हवे आहेत.

पापडवाली ताई, देवळी
पाठवते, पण दिवाळीनंतर. आत्ता सगळ्या बाया सोयाबीनच्या सोंगणीला गेल्या, दोनच हात उरले.

हॉटेलवाला, पुसद
आधार कार्डाचं समजलं, उद्याच परत देतो. पण एक विचारतो. दसऱ्याला पोरगा कपड्यासाठी ३,००० घेऊन गेला. दिवाळीला बोनस द्यायचा ५,०००. मग ३,००० वजा करायचे नाहीत का? वेल्डिंगवाले म्हणतात हात लावू नका.

वेल्डिंगवाला, दारव्हा
माझं वाक्य जरा ढिलं झालं. ते पैसे देताना काय बोलणं झालं त्यावर आहे. 'बोनसमधले आत्ता देतो' असं बोलला असाल आणि तसं लिहिलं असेल, तर तो बोनसचाच भाग. दिवाळीला उरलेले २,००० द्या. काही न बोलता दिले असतील तर त्याच्या डोक्यात ती उचल आहे आणि दिवाळीचे ५,००० त्याने घरी सांगून ठेवलेले आहेत. या वर्षी पूर्ण द्या, ३,००० हप्त्याने घ्या. पुढच्या दसऱ्याला देतानाच 'बोनसपोटी' लिहा.

कृषी केंद्र, मोर्शी
आणि आकडा दसऱ्यालाच सांगून टाका. धंदा मंदा असेल, यंदा अर्धाच बोनस जमणार असेल, तर तेही दसऱ्यालाच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट उघडल्यावर कळलं की मन तुटतं. दिवाळीआधीच्या शेवटच्या आठवडी बाजाराच्या दोन दिवस आधी पैसे हाती पडले पाहिजेत. नंतर दिले तर किराणा-कपडा उधारीवर घेतलेला असतो आणि बोनस तिकडेच जातो.

कापड दुकान, अचलपूर
जो कधीच उचल घेत नाही त्याचं काय? आमच्याकडची एक ताई वर्षभर एक रुपया मागत नाही. तिला थोडं जास्त द्यावंसं वाटतं.

हिशोबनीस, आर्वी
बोनसमध्ये जास्त देऊ नका. गरज पडली म्हणून ज्याने उचल घेतली त्याला ती शिक्षा वाटते.

पापडवाली ताई, देवळी
मला नाही पटत. न मागणारीलाही गरज असतेच, ती फक्त बोलत नाही. मी तिला स्वतः विचारते, शाळेच्या वेळी काही लागते का म्हणून. आणि भांडं किंवा साडी देते, पैसे नाही. त्यावर आजवर कोणी बोललं नाही.

शेतकरी, चिखली
मधातच विचारतो. आमच्या वहीत दोन सालाची जुनी बाकी पडली हाये, तारखा नाही. सालदार म्हणते आठ हजार, आमचं म्हणणं बारा. आता कसं कराव?

वेल्डिंगवाला, दारव्हा
काका, त्याला घरी बोलवा आणि वही दोघांच्या मधात ठेवा. ज्या नोंदी त्याला आठवतात त्यावर खूण करा. बाकीच्या सोडून द्या, कारण लिहून ठेवायचं काम आपलं होतं. जो आकडा निघेल तो नव्या पानावर आजची तारीख टाकून लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि जुन्या पानावर आडवी रेघ मारा. त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलवरही पाठवा.

शेतकरी, चिखली
त्याच्यापाशी साधा फोन हाये. दुसऱ्या कागदावर लिहून देतो.