गच्चीवर एक खोली : विटा, सिमेंट, वाळू, सळई किती लागेल? (मदत हवी आहे)

माणदेशी : गच्चीवर १२ बाय १० ची एक खोली काढायची आहे. ठेकेदार म्हणतो ३५०० विटा, ७५ गोण्या सिमेंट, ५५० किलो सळई, ३ ब्रास वाळू. माल मी आणून द्यायचा. आकडे बरोबर आहेत का एवढंच सांगा, सोमवारी ऑर्डर द्यायची आहे.

रानवारा : स्लॅब की पत्रा? भिंत किती इंची?

माणदेशी : स्लॅबच. भिंत नेहमीची असते तशी.

जुना_बिल्डर : सोपं गणित आहे. चौरस फुटाला ४ किलो सळई. बाहेरून १३ बाय ११ म्हणजे १४३ फूट, झाले ५७० किलो. ठेकेदार बरोबर सांगतोय.

ओळंबा : तो ४ किलोचा हिशेब पायापासूनच्या पूर्ण घराचा आहे, दादा. इथे पाया नाही, फुटिंग नाही. मी साइटवर अंदाजपत्रकंच करते, म्हणून मोजून सांगते. ५ इंची स्लॅबला साधारण १४० किलो, चारी बाजूंच्या बीमना ८०-८५, चार कॉलमना १०५. सगळं मिळून ३३०, वाया जाणारं धरून ३५०.

विटांचा आकडा तर सरळ सांगतोय की त्याने भिंत ९ इंची धरली आहे. आतून घेर ४४ फूट, बीमखालची उंची ९ फूट. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की भिंत उरते साधारण ३४५ चौरस फूट. ९×४×३ च्या विटेने ९ इंची भिंतीला चौरस फुटाला ९ विटा, म्हणजे ३१००. फूटतूट धरून त्याचे ३५०० होतात. ९×६×४ ची वीट घेऊन ६ इंची भिंत केली तर चौरस फुटाला साडेतीन, म्हणजे १३०० विटांत काम होतं.

माणदेशी, खाली काय आहे ते सांगा. कॉलमवरचं घर की भिंतींवरचं? नवी भिंत खालच्या बीमवर येते का?

माणदेशी : खाली कॉलम आहेत. तीन भिंती बीमवर येतात, चौथी मधेच येते. त्याचा विटांशी काय संबंध?

ओळंबा : फार जवळचा. ९ इंची भिंत प्लास्टर सोडून लांबीच्या फुटाला साडेतीनशे किलोच्या वर जाते, ६ इंची २४० च्या आसपास. ते वजन नुसत्या स्लॅबवर, बीमच्या आधाराशिवाय, बसवलंत की खालच्या छताला भिंतीच्या रेषेत भेग दिसायला लागते.

कौलारू : आमच्या गच्चीवर गळती होती, आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. ब्रिकबॅट कोबा केला तेव्हापासून एक थेंब नाही.

रानवारा : विटाच नकोत. एएसी ब्लॉकची ६ इंची भिंत फुटाला शंभर किलोच्या आत येते. मी तेच वापरले.

जुना_बिल्डर : ब्लॉकमध्ये खिळा ठोका, कपाट टांगा, मग सांगा. लाल विटेला तोड नाही.

रानवारा : त्यासाठी वेगळे प्लग मिळतात, पाच वर्षं कपाट टांगलेलं आहे.

माणदेशी : तुमचं चालू द्या. सिमेंट आणि खर्च सांगा कोणीतरी.

ओळंबा : ६ इंची वीट धरून सांगते. कॉलम, बीम, स्लॅबला २५ गोण्या, बांधकामाला ६, आतबाहेर प्लास्टरला ११, फरशी आणि वरच्या कोब्याला ८. म्हणजे ५०. क्रश सँड २ ब्रास, खडी १ ब्रास. गोणी ३८०, सळई किलोला ६२, वीट १०, सँड ब्रासला ५०००, खडी ३५०० धरली तर माल ६५-७० हजारांत येतो. तुमच्या गावचा भाव घालून बघा. पण खोली एवढ्यात होत नाही. सेंटरिंग, मजुरी, खिडक्या, फरशी, वीज, रंग, वर माल चढवणं हे धरून अडीच ते तीन लाख तयारीत ठेवा.

आणि गच्चीवर कॉलमचे गज सोडलेले आहेत का? किती लांब, किती गंजलेत?

माणदेशी : आहेत, दीड फुटाचे असतील. गंजलेत, पण जाड आहेत.

ओळंबा : १२ मिमीच्या गजाला जोड निदान २ फूट हवा. तारेच्या ब्रशने घासा. गंजाचे पापुद्रे निघून गज बारीक झाला असेल तर त्यावर जोड चालणार नाही. हे बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा. चौथी भिंत बीमवर सरकवता आली तर खोलीचं माप बदलेल आणि माझे सगळे आकडेही. सोमवारी फार तर सँड मागवा, सळई आणि विटा नकोत.

जुना_बिल्डर : ड्रिल मारून केमिकलने नवे गज बसवतात हल्ली, इंजिनिअर कशाला?

ओळंबा : बसवतात, पण किती खोल आणि किती गज हे तोच ठरवतो.

कौलारू : ग्रामपंचायतीची परवानगी घेतलीय का?

माणदेशी : ती भावाच्या नावावर आहे. चौथी भिंत दोन फूट सरकवली तर जिना अडतो. उद्या मोजून नकाशा टाकतो.