आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन: कॅशलेस करू की आधी भरून क्लेम करू? हातात किती ठेवू?

पाथर्डीफाटा_८४
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, पित्ताशयात खडे निघालेत, सोनोग्राफीत १४ मिमीचा एक आणि बाकी बारीक. दुर्बिणीतून काढायचं ठरलंय, घाई नाही पण दोन-तीन आठवड्यांत करून टाका म्हणालेत. पॉलिसी ३ लाखांची आहे, रूम रेंट रोज १ टक्का. आता घोळ असा की ज्या सर्जनवर आईचा विश्वास आहे त्यांचं इंदिरानगरला छोटं हॉस्पिटल आहे आणि ते विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नाही. मुंबई नाक्याकडचं एक मोठं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे. त्यांनी १,१७,००० चं एस्टिमेट दिलंय, छोट्याचं ९५ हजार.

माझ्याकडे सेव्हिंगला ९० हजार आणि पतसंस्थेत १ लाखाची ठेव आहे, तिची मुदत जूनमध्ये संपते. मी अंबडला नोकरीला, पगार ४२ हजार, पैकी १३ हजार घराचा हप्ता. कॅशलेस करू की पैसे भरून नंतर मागू? आणि पैसे परत येईपर्यंत हातात किती असावेत?

कॉलेजरोडकर
भाऊ, नेटवर्क वगैरे जुनं झालं आता. जानेवारी २०२४ पासून कॅशलेस सगळीकडे चालतं, कुठल्याही हॉस्पिटलात जा, कंपनीला द्यावंच लागतं. छोट्यात करा, कॅशलेस मागा, विषय संपला. आणि बफर विमा रकमेच्या १० टक्के पुरतो, म्हणजे तुमचे ३० हजार.

निफाडचा_कांदेवाला
माझं ऐका, कंपनीच्या नादी लागू नका. वडिलांच्या वेळी मी सरळ पिशवी नेली. कांद्याचे पैसे आले होते तेच नेले, पण काउंटरवाली बाई म्हणे एवढी कॅश घेता येत नाही. बिल २ लाख ३० हजार होतं. पैसे देतोय तरी घेत नाहीत, कमाल आहे. शेवटी भाच्याच्या खात्यावरून पाठवले.

डेस्कवरची
कांदेवाले दादा, त्या बाईची चूक नव्हती. एका पेशंटच्या एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड हॉस्पिटलला बसतो, दोन-तीन दिवसांत तुकडे करून दिली तरी. बफर घरात नोटांमध्ये ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पाथर्डीफाटा, मी नऊ वर्षं नाशिकमध्येच एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या खिडकीवर होते, आता सोडलंय. आधी एकच विचारते, पॉलिसी कधी सुरू झाली? तारीख सांगा, मग बाकीचं.

आणि कॉलेजरोडकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. नेटवर्कबाहेर कॅशलेस मिळू शकतं पण ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, आणि हॉस्पिटल तयार पाहिजे. छोट्या हॉस्पिटलला कंपनीच्या दरांवर सही करायची नसते, पैशासाठी थांबायचं नसतं आणि कागद पाठवायला वेगळा माणूसही नसतो. ते नाही म्हणाले की झालं, तिथे कंपनी काही करू शकत नाही.

पाथर्डीफाटा_८४
ताई, पॉलिसी ऑगस्ट २०२२ ची, दरवर्षी वेळेत रिन्यू केलीय. तारीख का विचारली?

डेस्कवरची
कारण पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशी एक यादी बहुतेक पॉलिसींत असते, त्यांना पहिली दोन वर्षं काही मिळत नाही. तुमची दोन वर्षं उलटलीत, पण तरी पॉलिसीच्या कागदात ते पान काढून बघा, काही पॉलिसींत जास्त असतं. दुसरं, आईला शुगर-बीपी आहे का आणि पॉलिसी घेताना लिहिलं होतं का?

आता तुमचा मुख्य प्रश्न. लोक कॅशलेसकडे "पैसे भरावे लागत नाहीत" एवढंच बघून जातात. माझ्या मते खरा फायदा वेगळा आहे, ऑपरेशनच्या आधी कंपनीचं उत्तर कळतं. प्री-ऑथ म्हणजे ही आधीची मंजुरी नाकारली तर अजून तुमच्या हातात वेळ असतो, दुसरं हॉस्पिटल बघता येतं, कागद पुरे करता येतात, खाट बदलता येते. रिइम्बर्समेंटमध्ये हेच उत्तर पैसे भरून झाल्यावर येतं. म्हणून ज्याच्याकडे बफर कमी त्याने ठरवून करायच्या ऑपरेशनला शक्यतो कॅशलेस बघावं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं मात्र नाही, कागद अपुरे म्हणूनही नाकारतात, नंतर भरून मागता येतं.

एस्टिमेटचा कागद आहे ना, त्यातली फोड इथे टाका. रूम कुठली धरलीय?

पाथर्डीफाटा_८४
रूम सिंगल एसी ४,५०० रुपये गुणिले ३ दिवस = १३,५००. सर्जन, ओटी, भूल, नर्सिंग, व्हिजिट मिळून ६०,०००. औषधं आणि साहित्य ३४,०००. तपासण्या ९,५००. शुगर आहे, गोळी चालू, फॉर्मवर लिहिली होती. रूमचं मला कळलं, मर्यादा ३ हजार आणि रूम साडेचारची, म्हणजे ४,५०० माझ्या खिशातून. तेवढं चालेल, आईला एकटीला बरं वाटेल.

डेस्कवरची
नाही हो, इथेच सगळे फसतात. डेस्कवर रोज एक तरी भांडण यावरून व्हायचं.

४,५०० च्या रूममध्ये ३,००० च कंपनी देणार म्हणजे तिच्या हिशोबात तुमची पात्रता दोन तृतीयांश. हा कट नुसता खाटेच्या भाड्याला लागत नाही, सर्जन, ओटी, भूल, नर्सिंग हे रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणारे चार्जेस असतील तर त्यांनाही लागतो. म्हणजे ६०,००० मधले २०,००० गेले. रूमचे ४,५०० वेगळे. औषधं, साहित्य, तपासण्यांना हा कट लावता येत नाही, पण ग्लोव्ह्ज, अ‍ॅडमिशन किट, डायपर असलं न मिळणारं सामान ३४ हजारांतून निघतं, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पाच-साडेपाच हजार धरा. एकूण ३०,००० तुमचे, कंपनी देणार ८७,०००. रोजच्या दीड हजाराचा फरक दिसतो आणि रूमपायी जातात साडेचोवीस हजार.

त्याऐवजी दोन खाटांची रूम ३,००० पर्यंत मिळत असेल तर घ्या. तिथे तुमचं फक्त सामानाचं जाईल, आणि बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जनचा दरही खालचा लागतो. तुमच्या पॉलिसीत हा कट खरंच लिहिलाय का ते आधी वाचा, सगळ्यांत नसतो.

सरदवाडी_शिक्षिका
आमच्या मुलीच्या बाळंतपणाचं पण असंच केलं होतं, सिझर ७२ हजार, कंपनीने ५० च दिले! कॅशलेस होतं तरी!!

डेस्कवरची
ताई, बाळंतपणाला बहुतेक वेळा वेगळी ठरलेली मर्यादा असते, तुमची ५० हजार असणार. हा रूमचा कट नव्हे.

उत्तमनगर_सिडको
मी रिइम्बर्समेंटचा अनुभव सांगतो, कारण पाथर्डीफाटांचा "किती दिवस" हा प्रश्न तसाच राहिलाय. बायकोचं हर्नियाचं ऑपरेशन, हॉस्पिटल नेटवर्कबाहेर, ८८ हजार भरले. डिस्चार्जच्या सहाव्या दिवशी कागद हातात आले, कारण डिस्चार्ज समरीवर तारीख चुकली होती आणि डॉक्टर कोकणात गेले होते. नवव्या दिवशी फाइल दिली. विसाव्या दिवशी क्वेरी आली, पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवलं तो कागद आणि आतले केस पेपर द्या. ते सत्ताविसाव्या दिवशी दिले. अडतिसाव्या दिवशी मंजुरीचा मेसेज, एक्केचाळिसाव्याला खात्यात ७९ हजार. १५ दिवसांचा नियम आहे म्हणतात पण क्वेरी निघाली की लांबतंच. मी क्रेडिट कार्डवर भरलं होतं, कार्डाचं बिल बनल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यामुळे ४८ दिवस मिळाले आणि व्याज लागलं नाही. नशीब म्हणा.

कॉलेजरोडकर
कार्ड नको भाऊ. एक आठवडा उशीर झाला तर व्याज महिन्याला साडेतीन टक्के.

उत्तमनगर_सिडको
म्हणून तर मागे एफडी होती, ती मोडून भरलं असतं. मागे काही नसताना कार्ड नको हे मान्य.

डेस्कवरची
पहिल्या कागदाची क्वेरी सगळ्यात जास्त यायची. घाईत डॉक्टर "तीन वर्षांपासून पोटात दुखतं" लिहितात, पेशंट म्हणाला असतो तीन आठवडे. पॉलिसीच्या आधीपासूनचा त्रास लपवला असा अर्थ निघतो. तुमच्या आईचा पहिला कागद आजच वाचा. चूक असेल तर डॉक्टरांकडून सहीशिक्क्यासह दुरुस्त करून घ्या, खरं असेल तर बदलायला सांगू नका, अंगाशी येतं. छोट्यात करायचंच झालं तर हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक आधी मागून घ्या, तो फॉर्मवर लागतो. आणि ओरिजिनल बिलं देण्याआधी सगळ्याची रंगीत झेरॉक्स.

बफरचं माझं गणित. मोठ्या ठिकाणी कॅशलेस, दोन खाटांची रूम, तर हातात ४० हजार: अ‍ॅडमिट होताना डिपॉझिट मागतात, मंजुरी असली तरी, ते शेवटी वळतं होतं, वर न मिळणारं सामान. पहिली मंजुरी बहुतेक कमीच येते, ५० हजारांची आली तरी घाबरू नका, शेवटचं बिल गेलं की वाढते. छोट्यात भरून करायचं तर ९५ हजार पूर्ण, वर दोन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च. तुमच्या ९० हजारांत ते बसत नाही. पतसंस्थेत विचारा, ठेवीवर कर्ज देतात का आणि किती दिवसांत, मुदतीआधी मोडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

निफाडचा_कांदेवाला
पतसंस्थेवर फार विसंबू नका. आमच्याकडच्या एकीने अडचणीत रोज पाच हजारच काढू दिले होते.

पाथर्डीफाटा_८४
धन्यवाद सगळ्यांना. पान काढलं, खडे २४ महिन्यांच्या यादीत आहेत, म्हणजे ते पार. रूमचा कट लिहिलाय, ताई म्हणाल्या तसाच. पहिल्या कागदावर "२ महिने" आहे. पतसंस्थेत गेलो, ठेवीच्या ८० टक्के कर्ज चार दिवसांत म्हणाले. मोठ्याला दोन खाटांची रूम २,८०० ला आहे, पण आई ऐकत नाही, तिला तेच डॉक्टर हवेत. सर्जन मोठ्याकडे येऊन ऑपरेशन करतील का हे विचारलंय, उद्या सांगतो म्हणालेत.

डेस्कवरची
करतात, पण व्हिजिटिंग सर्जनची फी हॉस्पिटलच्या बिलातूनच आली पाहिजे, वेगळी पावती घेऊ नका. आणि डिस्चार्जच्या दिवशी डबा बरोबर ठेवा. शेवटची मंजुरी द्यायला कंपनीला तीन तास आहेत, पण ते हॉस्पिटलने शेवटचं बिल पाठवल्यावर मोजतात. सकाळी दहाला डॉक्टर "जा घरी" म्हणाले तरी बिल दुपारी दोनला जायचं आमच्याकडे.

उत्तमनगर_सिडको
खरंय. आणि यूपीआयने भरणार असाल तर आधी विचारा, हॉस्पिटलला ५ लाखांपर्यंत जातं म्हणतात पण आमच्याकडचा क्यूआर साधा निघाला, एक लाखाच्या वर जाईना.

सरदवाडी_शिक्षिका
बाळंतपणाची मर्यादा वाढवून घेता येते का? दुसरी मुलगी आहे.