मदत हवी आहे: एका सोडवलेल्या गणितावरून सरावाची गणितं कशी काढायची?

रामबागची_ताई: इंदूरला घरी अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं एक गणित सोडवून दिलं: कोन ३०°, घर्षणगुणांक ०.२, g = १०, त्वरण ३.२७. आता त्याच सूत्रात, `a = g(sinθ − μcosθ)`, आकडे बदलून गणितं काढतेय. पण गुणांक ०.७ घेतला की त्वरण −१.०६ येतं. असं गणित द्यायचं का? आणि मुलांना स्वतःच ताळा करता येईल असं काही आहे का?

होळकरी_मिसळ: ताई, वजा आलं की ते गणित सरळ काढून टाका. सोपं म्हणजे वस्तुमान बदला, कधीच अडत नाही.

खडू_आणि_फळा: अडत नाही, कारण उत्तरच बदलत नाही! या त्वरणात वस्तुमान येतंच कुठे?

ताई, आधी उत्तर ठरवा आणि मग मागे या. कोन ३७° घ्या, म्हणजे sin ०.६ आणि cos ०.८ धरता येतात. गुणांक ०.२५ घेतला की त्वरण बरोबर ४. उताराची लांबी २ मीटर ठेवा, म्हणजे तळाशी वेग ४ आणि वेळ १ सेकंद.

ताळा दुसऱ्या वाटेनं करायला लावा. तेच सूत्र पुन्हा चालवलं तर चूकही पुन्हा तीच येते. २ किलोचा ठोकळा १.२ मीटर खाली येतो, म्हणजे २४ जूल. घर्षणात ८ जातात. उरलेल्या १६ मधून वेग पुन्हा ४ च यायला हवा.

वजा आलेलं गणित मात्र टाकू नका. ३७° ला गुणांक ०.७५ ही सीमा. ०.९ घेऊन ठोकळा नुसता ठेवला तर तो हलत नाही, तेव्हा त्वरण विचारण्यात अर्थ नाही, घर्षण विचारा. २ किलोला ते १२ न्यूटन, १४.४ लिहिणारा मुलगा डोळे मिटून `μN` लावतोय. आणि तोच ठोकळा पुरेशा लांब उतारावर २.४ च्या वेगानं खाली ढकलला, तर −१.२ अगदी खरं: २ सेकंदांत, २.४ मीटरवर थांबतो. म्हणून प्रश्नात 'स्थिर सोडला' की 'ढकलला' हे लिहाच.

बडोद्याचा_बाबा: आमच्याकडे भिंगाच्या गणितात असंच झालं. वस्तूचं अंतर १५, नाभीय अंतरही १५, आणि मुलगा शून्यानं भागत बसला. तेही टाकू नये का?

खडू_आणि_फळा: टाकू नका, 'प्रतिमा कुठे?' एवढंच विचारा. बाकी वेगळा धागा काढा हो काका.

होळकरी_मिसळ: ढकलण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण पेपरात g ९.८ दिला तर हे गोंडस आकडे काय कामाचे? तुमचं ४ लगेच ३.९२ होतं.

खडू_आणि_फळा: पद्धत बसेपर्यंत १०.

रामबागची_ताई: मला ९.८ ची सवय आधीपासूनच लावायचीय, तिथे तुमचं पटत नाही दादा. ०.९ चं गणित मात्र उद्याच देते, दोन्ही प्रकारे.