मदत हवी आहे : लक्षात ठेवलेला फोन-कॉम्प्युटरचा अंदाज चुकतोय

तापीकाठ
रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी वेबसाइट चालवतो. पानाचा फोटो पाठवायच्या पायऱ्या फोनला वेगळ्या, कॉम्प्युटरला वेगळ्या. अंदाज एकदाच करून ठेवतो. आता लोक म्हणतात, हातात फोन असून 'फाइल माउसने ओढा' दिसतं. दर वेळी नव्याने अंदाज करू का? आज रात्रीच बदल टाकायचाय.

जुना_कोडर
ठेवता कुठे? खात्यात की ब्राउझरमध्ये?

तापीकाठ
खात्यातच, अजून कुठे. मोबाइल नंबरने लॉगिन आहे.

चोपडेकर
माझापण फोन हरवला होता भो. गुगलच्या खात्यातून शेवटची जागा दिसते, तिथे बघा.

जुना_कोडर
चोपडेकर, त्यांचा फोन हरवलेला नाही.
तापीकाठ, शेतकरी सेवा केंद्रात त्याच नंबराने लॉगिन करतो, तेव्हा खात्यात 'कॉम्प्युटर' लिहिलं जातं. घरी फोनवर तेच वाचलं जातं. खातं माणसाचं आहे, अंदाज यंत्राचा. शिवाय कोण कधी कुठल्या यंत्रावर होतं याची नोंद तुमच्याकडे फुकट साठतेय. तो कॉलम काढा.

पिक्सेल_पाटील
त्यापेक्षा स्क्रीन, फॉन्ट, ग्राफिक्स मिळून यंत्राचा ठसा काढा. कुठूनही लॉगिन करो, यंत्र ओळखता येतं.

जुना_कोडर
एकाच मॉडेलच्या दोन फोनचे ठसे बरेचदा सारखेच निघतात. आणि 'फोन की कॉम्प्युटर' एवढ्यासाठी माणसांवर पाळत ठेवायची?

तापीकाठ
म्हणजे दर वेळी नवा अंदाज. ठरलं.

जुना_कोडर
थांबा. २०१९ पासून आयपॅडची सफारी स्वतःला `Macintosh` म्हणवते. नव्या अंदाजात आयपॅडवाला दर वेळी कॉम्प्युटरच ठरेल आणि दर वेळी तेच दुरुस्त करत बसेल. म्हणून अंदाज नव्याने करा, पण माणसाने बदललेलं उत्तर त्याच ब्राउझरमध्ये ठेवा:

```
localStorage.setItem('payrya', 'phone')
```

नाव, नंबर काही नको. पुढच्या वेळी हे सापडलं तर अंदाज करूच नका.

पिक्सेल_पाटील
सफारी ते ७ दिवसांत पुसते!

जुना_कोडर
सफारी वापरली पण तुमच्या साइटला ७ दिवस हात लावला नाही, तर पुसते. मग पुन्हा एक टिचकी, बिघडलं काय?

ताईसाहेब_धुळे
आमच्या केंद्रात एका कॉम्प्युटरवर दिवसभर वेगवेगळी माणसं. एकाने चुकून 'फोन' दाबलं तर पुढच्या सगळ्यांना तेच?

जुना_कोडर
हो, ताई. तिथे `sessionStorage` बरं, टॅब बंद केला की जातं. पण केंद्र आहे हे साइटला कसं कळणार? 'हे यंत्र माझं आहे' अशी चौकट ठेवता येईल, आधी रिकामी; कोणी टिचकली तरच `localStorage`, नाहीतर `sessionStorage`.

तापीकाठ
अजून एक चौकट? आमचे लोक ओटीपीलाच वैतागतात. कॉलम काढतो, दुरुस्ती ब्राउझरमध्ये ठेवतो. चौकटीचं नंतर बघू.

चोपडेकर
रावेरला आज केळीला काय भाव चालू आहे?