कॅथोडला ऋणाग्र म्हणावं, तर डोक्यावर + कसं?

निपाणीकर: ड्रिल मशीनचं माहितीपत्रक मराठीत करतोय. त्यात 'मँगनीज स्पिनेल कॅथोड' आलंय. शाळेत कॅथोड म्हणजे ऋणाग्र शिकलो, पण या ड्रिलच्या लिथियम सेलमध्ये कॅथोडच्या टोकाला + असतं. 'ऋणाग्र (+)' छापलं तर लोक हसतील. आणि स्पिनेलला काय म्हणू?

शुद्धलेखक: ऋणाग्र हाच रूढ शब्द. चिन्ह चुकलं असेल, ते तपासा.

मॅडम_टिळकवाडी: चिन्ह बरोबर आहे. फॅरेडेने 1834 मध्ये हा शब्द वापरला तेव्हा ग्रीकमधला अर्थ 'खाली उतरायची वाट' एवढाच होता, ऋण-धन आपण चिकटवलं. जिथे क्षपण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, ते कॅथोड. सेल वापरताना ते + टोकाला होतं. चार्जिंगला लावला की भूमिका उलटते, पण नाव तेच राहतं. मी 'क्षपणाग्र' म्हणेन.

शुद्धलेखक: क्षपणाग्र! गिऱ्हाईक पळून जाईल.

उद्यमबागवाला: आमचं ड्रिल ट्रिगर दाबला की दोन सेकंदात बंद पडूलंय ओ. पॅकमध्ये जुन्या लॅपटॉपचे तीन सेल बसवलेत, व्होल्टेज बरोबर दाखवतंय. कॅथोड बिघडला काय?

मॅडम_टिळकवाडी: बिघडला नाही, कामच वेगळं आहे. भोक पाडताना ड्रिल सहज 15-20 अँपिअर ओढतं. लॅपटॉपचा 2 अँपिअर-तासाचा सेल चारेक अँपिअरचा. जास्त ओढलं की व्होल्टेज कोसळतं, सेल तापतो. रिकामं असताना मीटर लावून हे कळत नाही, भार देऊन मोजा. आणि ते सेल आजच काढा.
त्यात बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. थरांची रचना, कमी जागेत जास्त साठा, म्हणून मोबाईलला उत्तम. पण निम्म्याहून जास्त लिथियम काढलं की थर डळमळतात, आणि तापला की ऑक्सिजन सोडतो. स्पिनेलमध्ये लिथियमला तिन्ही दिशांनी वाटा असतात, त्यामुळे झपाट्याने प्रवाह देतो. साठा कमी, पण ड्रिलला तेच हवं.

खानापूरचा_पोरगा: मग निकेलवालाच सगळ्यात भारी ना? टेस्लाने तोच घेतला.

मॅडम_टिळकवाडी: अर्धं बरोबर. निकेल-कोबाल्ट-ॲल्युमिनियममध्ये निकेल साधारण 80 टक्के, म्हणून वजनाला साठा सर्वांत जास्त. लांब पल्ल्याच्या गाडीला छान. पण तापमानाला नाजूक, कूलिंग आणि पहारा लागतो. ड्रिलच्या डब्यात तो कोण देणार? मँगनीजचंही दुखणं आहेच: पन्नास अंशांपुढे मँगनीज विरघळायला लागतं, सेल लवकर म्हातारा होतो. उन्हात टेम्पोत ड्रिल ठेवू नका.

खानापूरचा_पोरगा: स्पिनेल तर माणकासारखा खडा की! 'मँगनीज माणिक' लिवा.

मॅडम_टिळकवाडी: खड्याची नुसती रचना उसनी घेतलीय, बाबा. सेलमधली पूड काळी असते.

शुद्धलेखक: 'माणिक' नको. ऋणाग्र मात्र ठेवाच.

निपाणीकर: दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, "प्लसची बाजू लिव्हा, कन्नडमध्ये पण तेच घालूया." पण स्पिनेलचं अजून अडलंय.

उद्यमबागवाला: सेल काढले. एक फुगलाय. हा टाकायचा कुठं?