पैसे भरण्याआधी: एआय व्हिडिओ टूलची बारा क्लिपांची चाचणी

निऱ्या_आणि_काठ

एआय व्हिडिओ टूलचा प्लॅन घेण्याआधी ते कसं तपासता, ते इथे लिहा. टूलची नावं नकोत, पद्धत हवी. बोलणं भरकटू नये म्हणून एकच काम समोर ठेवू: येवल्याच्या पैठणीची 20 सेकंदांची उभी रील. साडीचे मोबाइलवर काढलेले चांगले फोटो आहेत, शूटिंगला पैसे नाहीत. टूलच्या जाहिरातीत बर्फातून धावणारा वाघ झकास दिसतो, पण आपल्याला वाघ नको, काठ हवाय.

टाइमलाइन

आधी रीलमधले शॉट कागदावर लिहा आणि त्यातले सगळ्यात अवघड तेवढेच चाचणीला घ्या. सोपे शॉट हल्ली बहुतेक टूल करतात, त्यावर क्रेडिट घालवू नका. या कामासाठी मी चार शॉट घेईन, प्रत्येकी तीन वेळा. म्हणजे एकूण बारा क्लिपा, प्रत्येक 5 सेकंदांची.

पहिला: साडी घडी घालून टेबलावर, कॅमेरा सावकाश जवळ जातो, बाकी काहीही हलत नाही. हा सोपा वाटतो, पण इथेच पुष्कळ टूल कापड श्वास घेत असल्यासारखं हलवतात. "काहीही हलवू नकोस" हे त्यांना पटकन कळत नाही.

दुसरा: हात घडी उलगडतो. घडीखाली काय आहे ते फोटोत नाही, त्यामुळे टूलला ते मनाने रचावं लागतं. काठ पुढे तसाच चालू राहतो की मध्येच नक्षी बदलते, ते बघायचं. शिवाय बोटं कापडाला खरंच धरतात की त्यातून आरपार जातात, तेही.

तिसरा: साडी नेसलेली बाई पूर्ण वळते आणि पुन्हा समोर येते. वळण्याआधीचा आणि नंतरचा चेहरा, पदर कोणत्या खांद्यावर, ब्लाउजची बाही, हे सगळं जुळलं पाहिजे. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाणं ही नेहमीची चूक, आणि घाईत बघितलं तर लक्षातही येत नाही.

चौथा: पदराचा क्लोजअप, वाऱ्याने हलका हलणारा. पैठणीचा खरा कस इथे लागतो. पदरावरचे मोर मोजा. पहिल्या फ्रेममध्ये सहा असतील तर शेवटच्या फ्रेममध्येही सहाच हवेत, आणि मोरच हवेत. दोन सेकंदांनी त्यांची पानं झालेली असतात.

यामागचं कारण कळलं तर फोटोही बरा निवडता येतो. ही मॉडेल थेट पूर्ण आकाराचं चित्र हलवत नाहीत. चित्र आधी आकसून घेतात, त्या आकसलेल्या रूपात हालचाल रचतात आणि मग ते परत मोठं करतात. आकसताना बारीक नक्षीचा तपशील जातो, परत मोठं करताना ती अंदाजाने भरली जाते. म्हणून पूर्ण उंचीच्या फोटोत जो मोर दहा-बारा पिक्सेलचा आहे, तो टिकण्याची आशा नाही. तोच मोर क्लोजअपमध्ये दीडशे पिक्सेलचा असेल तर टिकू शकतो.

सीडवाला

इतक्या वेळा कशाला? टूल ज्या यादृच्छिक आकड्यावरून क्लिप रचायला सुरुवात करतं तो सीड, तो कायम ठेवला की तेच उत्तर पुन्हा मिळतं. एकदा चांगलं आलं की तो आकडा लिहून ठेवायचा, झालं. प्रत्येक शॉट एकदाच करून बघा, क्रेडिट वाचतील.

टाइमलाइन

@सीडवाला, अर्धं बरोबर. फोटो, प्रॉम्प्ट, लांबी, मॉडेलची आवृत्ती, सगळं तेच असेल तर सीड कामाचा. बऱ्याच टूलमध्ये तो आकडा दिसतच नाही, आणि मॉडेल बदललं की जुना सीड बाद. शिवाय आपला प्रश्न "चांगली क्लिप परत मिळेल का" हा नाही, "किती वेळा करावं तेव्हा एक चांगली मिळेल" हा आहे. त्यासाठी सीड मुद्दाम बदलता ठेवायचा. आणि बाराच्या बारा क्लिपा जपून ठेवा. वाईट क्लिप आली की आपला हात आपोआप डिलीटकडे जातो आणि टूल आहे त्यापेक्षा हुशार वाटायला लागतं.

काळी_खिडकी

क्लिप नुसती चालवून बघू नका, मोबाइलवर तर अजिबात नको. छोट्या पडद्यावर सगळंच गोड दिसतं. लॅपटॉपवर ffmpeg हे कमांड लिहून चालवायचं व्हिडिओचं साधन असेल तर आधी फाइल खरी काय आहे ते विचारा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,avg_frame_rate,nb_frames -of default=nw=1 clip.mp4
```

जाहिरातीत 1080p लिहिलेलं असतं आणि स्वस्त मोडमध्ये फाइल 720 रुंदीची निघते, ते इथे कळतं. मग 5 सेकंदांच्या क्लिपचे वीस फ्रेम एका पानावर मांडा:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "fps=4,scale=270:-1,tile=5x4" -frames:v 1 sheet.png
```

पान डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की काठ कुठल्या चौकटीत बिघडला ते बोट ठेवून दाखवता येतं. मोर मोजायला मात्र हे पान बारीक पडतं, त्यासाठी व्हीएलसीत क्लिप थांबवून E दाबत एकेक फ्रेम पुढे जा.

एक सावधगिरी. फाइल 1080 रुंदीची निघाली म्हणजे चित्र तेवढं बारीक असेलच असं नाही. आतून लहान बनवून वर ताणलेलं असू शकतं. जरीच्या जवळजवळच्या रेघा सुट्या दिसतात की एकच पिवळा पट्टा झालाय, ते बघा.

सातबारा

आमचं तळकोकणात होमस्टे आहे. साडीचं मला कळत नाही, पण जागेचा व्हिडिओ करायचा तर आणखी एक चाचणी घ्याच: कॅमेरा फोटोच्या कडेबाहेर न्यायला सांगा. पडवीचा फोटो देऊन "उजवीकडे वळ" म्हटलं, तर उजवीकडे जे आहे ते टूलला कुठून माहीत असणार? ते छान तलाव घालतं. नाहीतर गॅलरी. पाहुणे तलाव शोधत येतील आणि मग रिव्ह्यू लिहितील. मी शेवटी एवढंच ठरवलंय की कॅमेरा फोटोच्या आत राहील, फक्त पुढे-मागे.

निऱ्या_आणि_काठ

@सातबारा, साडीलाही हेच लागू. टूलने रचलेला पदर गिऱ्हाइकाला आवडला आणि तसा पदर दुकानात नसला, तर काय करायचं? म्हणून घडी उलगडण्याचा शॉट चाचणीत पास झाला तरी तो रीलमध्ये घ्यावा का, हे माझं अजून ठरत नाहीये.

आवाज_कुणाचा

कुणी बोलताना दाखवायचं असेल तर पाचवा शॉट लागेल. वाक्य मुद्दाम निवडा. ओठांसाठी: "बाबांनी पापड भाजले, मामांनी बघितले." यातल्या प, ब, भ, म या प्रत्येक अक्षराला ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. आवाज बंद करून बघा. ओठ नुसतेच उघडझाप करत असतील तर लगेच कळतं.

उच्चारासाठी: "चार मुलं, एक चमचा, काळा मासा." 'चार'मधला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा. दोन्ही सारखेच आले तर आवाज हिंदीवरून आलाय असं समजा. 'काळा'चा 'काला' झाला तर पुढे ऐकूही नका. मराठी चालते असं यादीत लिहिलेलं असणं आणि ती ऐकवणं यात बरंच अंतर आहे.

लग्नसराई

पण लग्नाच्या चार तासांच्या फुटेजमधून चांगले तुकडे निवडायला यातलं कोणतं टूल चांगलं? नाव सांगाल का?

काळी_खिडकी

@लग्नसराई, तो वेगळा प्रकार. तुम्हाला असलेलं फुटेज कापायचंय, इथे नसलेलं बनवण्याची चर्चा आहे. तुम्ही एका लग्नाचा अर्धा तास घ्या, चांगले दहा क्षण आधी स्वतः लिहून ठेवा आणि टूल त्यातले किती पकडतं ते मोजा.

हिशेबनीस

आता पैशाचं. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, आपल्या प्लॅनचे घालून बघा. समजा महिना ₹1,500, त्यात 1,000 क्रेडिट आणि चांगल्या मोडमध्ये एका क्लिपला 50 क्रेडिट. म्हणजे 20 क्लिपा, 100 सेकंद. दर सेकंदाला ₹15, स्वस्त वाटतं.

चाचणीत बारापैकी चार क्लिपा वापरण्याजोग्या निघाल्या, म्हणजे तीनात एक. त्यातही सुरुवातीची आणि शेवटची थरथर कापून 5 पैकी 3 सेकंद हाती लागतात. वीस क्लिपांतून साधारण सात चांगल्या, त्यांची मिळून जेमतेम 20 सेकंद. खरा दर ₹75. अख्खा महिना एका रीलमध्ये संपला, वर कर आणि परदेशी व्यवहाराचं कार्डाचं शुल्क वेगळं.

आणि बारात चार यावरही फार भरवसा ठेवू नका. एवढ्या लहान नमुन्यात खरं प्रमाण दहात एक असू शकतं, नाहीतर दहात सहाही. दोन टूलमधलं एक बारात चार आणि दुसरं बारात पाच देत असेल, तर ते सरसच आहे असं म्हणता येत नाही. मात्र बारात एक आणि बारात आठ असा फरक असेल तर तो खरा धरायला हरकत नाही.

टाइमलाइन

@हिशेबनीस, थोडं बिनसतं. शॉटप्रमाणे मोजा, एकत्र नको. चारही चांगल्या क्लिपा पहिल्याच शॉटच्या आणि पदराची एकही नाही असं झालं, तर सरासरी काढून उपयोग काय?

हिशेबनीस

बरोबर. पण मग प्रत्येक शॉटला तीनच प्रयत्न उरतात, त्यातून काय कळणार? पदराला तरी सहा करा.

ऑटोपे_बंद

फुकट खात्यावर केलेली चाचणी पैसे भरल्यावरच्या टूलची असेलच असं नाही. फुकटात बऱ्याचदा जुनं किंवा हलकं मॉडेल मिळतं. दोन्हीकडे मॉडेलचं नाव आणि आवृत्ती काय दिसते ते लिहून घ्या. वेगळी असतील तर सगळ्यात लहान मासिक प्लॅन एकदाच घ्या. वर्षाच्या प्लॅनवरची सूट बघू नका, वर्षभरात हे मॉडेल उरलं तरी पुष्कळ. घेतल्या दिवशीच नूतनीकरण बंद करा, पण रद्द केल्यावर उरलेली क्रेडिट महिनाअखेरपर्यंत राहतात का, ते आधी अटींत वाचा. भारतीय कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटोपेला पैसे कापण्याआधी 24 तास सूचना येते, तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका.

आणखी दोन गोष्टी चाचणीतच बघून घ्या. क्लिप अर्ध्यात फसली तर क्रेडिट परत येतं का? आणि नियमाच्या गाळणीत अडकली तर? पाठमोऱ्या ब्लाउजचा साधा शॉटसुद्धा कधीकधी अडतो, म्हणून तिसरा शॉट त्यासाठीही उपयोगी.

सीडवाला

प्रॉम्प्ट मराठीत लिहायचा की इंग्रजीत? मला इंग्रजीतच बरं वाटतं.

निऱ्या_आणि_काठ

चौथ्या शॉटचे सहा प्रयत्न ठरले, तर तीन मराठीत आणि तीन इंग्रजीत करून बघते. "पदर"ला इंग्रजीत काय लिहायचं तेवढं सांगा, "स्कार्फ" लिहिलं की बाईच्या गळ्यात मफलर येतो.