१६०० तुकडे एकदम मिसळायचे की दोन फेऱ्यांत?

मंदार: १०० जीबीची फाइल, मेमरी फक्त ६४ एमबी, साधी फिरती हार्ड डिस्क. ६४-६४ एमबीचे सुमारे १६०० तुकडे सॉर्ट करून डिस्कवर ठेवलेत. आता सगळे एकाच फेरीत मिसळावेत असं माझं मत. दुसरी फेरी म्हणजे १०० जीबी पुन्हा वाचा, पुन्हा लिहा. उगाच कशाला?

स्नेहल: दोन फेऱ्या करा. १६०० नोंदींच्या हीपमध्ये दर नोंदीमागे किती तुलना होतील! ४०-४० चे गट केले की हीप छोटा राहतो.

वसंतराव: स्नेहल, उत्तर बरोबर, कारण चुकलं. १६०० च्या हीपला साधारण ११ पातळ्या, ४० च्या हीपला साडेपाच, पण दोनदा. तुलना तेवढ्याच.

खरा मार बफरमध्ये आहे. ६४ एमबी १६०० जणांत वाटली की प्रत्येकाला ४० केबी. १०० जीबी ४०-४० केबीने वाचायचं म्हणजे २५ लाख वेळा डिस्कचं हेड हलणार. दर वेळी १० मिलिसेकंद धरा: २५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास नुसते हेड हलवण्यात. ४० तुकड्यांना मात्र दीड एमबीचा बफर मिळतो. दर फेरीला वाचताना ६५-७० हजार उड्या, म्हणजे ११-१२ मिनिटं, लिहिताना फार तर तेवढीच. सेकंदाला १०० एमबी धरून १०० जीबी वाचून लिहायला २००० सेकंद. दोन्ही फेऱ्या मिळून दोन तासांच्या आत.

मंदार: मग १ जीबी मेमरी असती तर?

वसंतराव: तर तुमचंच खरं. तुकडे १००, बफर १० एमबीचा, वाचताना उड्या १०,०००. म्हणजे १०० सेकंद. तिथे दुसरी फेरी शुद्ध उधळपट्टी.

फरीदा: माझं थोडं वेगळंच. `sort -m` ने तयार फाइली मिसळल्या, एरर काही नाही, पण निकालाचा क्रम गडबडलेला. मेमरी कमी पडली असेल का?

वसंतराव: मेमरीचा संबंध नाही. काही फाइली दुसऱ्या लोकेलमध्ये सॉर्ट झाल्या असणार. `-m` इनपुट तपासत नाही, क्रम बरोबर आहे असं गृहीत धरून पुढे जातो. प्रत्येक फाइलवर हे चालवा:

```
LC_ALL=C sort -c file
```

पहिली चुकीची ओळ दिसेल. ती फाइल `LC_ALL=C` लावूनच पुन्हा सॉर्ट करा, आणि मिसळतानाही तेच लावा. आणि मंदार, जीएनयू सॉर्ट एका वेळी १६ च फाइली मिसळतो. १६ × १६ म्हणजे २५६, तेव्हा १६०० ला तिसरी फेरी लागेल. `--batch-size=40` द्या.

स्नेहल: एसएसडीवर तुमचा हिशोब उलटतो. हेडच नाही, ४० केबीचं वाचन फार महाग पडत नाही. तिथे एकच फेरी.

वसंतराव: बहुतेक. पण वाचन आणि मिसळणं एकाच वेळी चालवायचं तर प्रत्येक तुकड्याला दोन बफर लागतात, म्हणजे ४० चे २० केबी झाले.

स्नेहल: सगळ्यांना दोन कशाला? ज्या तुकड्याच्या बफरमधली शेवटची सॉर्ट-की सर्वांत लहान, तोच आधी रिकामा होणार. मोकळा बफर त्यालाच द्या.

वसंतराव: सॉर्ट-की सगळीकडे सारख्या पसरल्या असतील तर दोन-तीन तुकडे एकदमच रिकामे होतात. मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.